क्षहरातांची राज्यव्यवस्था : नासिकच्या दानलेखांवरून

जयगडच्या खाडीचें मुख, जेथें शास्त्री नदी समुद्रास मिळते, तें ठिकाण प्राचीन ग्रीक नाविकांच्या माहितीचें असावें असें मानण्यास थोडा आधार आहे. पेरिप्लस या नांवानें प्रसिद्ध असलेल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील समुद्रवर्णनांत चौलाच्या दक्षिणेस जीं बंदरें ओळीनें सांगितलीं आहेत त्यांत मेलिझेइगर असें एक नांव येतें. कांहीं पंडितांनीं तें जयगड मानलें, कांहींनीं राजापूर मानलें. हा वाद येथें निकालांत काढण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस त्याच ग्रंथांतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती अशी कीं, कल्याण बंदराचा व्यापार त्या काळीं अडविला गेला होता आणि चुकून तेथें शिरलेलें ग्रीक जहाज पहारा बसवून भडोचास नेण्यांत येई. भडोच ज्या राजाच्या ताब्यांत होतें त्याचें नांव ग्रंथकार मन्बनोस असें देतो, आणि हा मन्बनोस म्हणजे नासिक, जुन्नर व कार्लें येथील लेखांत येणारा क्षहरात नहपान होय, हें आज बहुमान्य आहे.

नहपान जातीनें शक. त्याचा जांवई उषवदात हा नासिकच्या एका लेखांत आपणांस स्पष्टपणें शक म्हणवितो. शक म्हणजे मध्य आशियांतील गवताळ पठारावरचे, घोड्यावर बसून धनुष्य चालविणारे भटके लोक. त्यांचीं पागा, तंबू आणि कळप हींच संपत्ति. अशा लोकांच्या वंशजांनीं समुद्रावरील बंदराचा व्यापार अडवावा, जहाजांवर पहारे बसवावे, व्याजाचे दर ठरवून ठेवी ठेवाव्या आणि त्यांची नगरसभेंत नोंद करावी, हें घडलें कसें, एवढाच प्रश्न या लेखांत घेतला आहे. शकांनीं स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाहीं. आमच्या हातीं आहेत तीं नाणीं आणि लेण्यांच्या भिंती.

प्रथम ते जिंकत कसे, हें थोडक्यांत पाहूं. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत युएची लोकांच्या रेट्यानें शकांच्या टोळ्या दक्षिणेकडे सरकल्या व पार्थियाच्या सरहद्दीवर येऊन आदळल्या. रोमन ग्रंथकार जस्टिन यानें एक प्रसंग सांगितला आहे, तो फार बोलका आहे. पार्थियाचा राजा दुसरा फ्राआत यानें सीरियाच्या राजाशीं लढण्यासाठीं या भटक्यांस भाडोत्री म्हणून बोलाविलें. ते पोहोंचले तेव्हां युद्ध संपलें होतें. राजानें वेतन नाकारलें. त्यांनीं दुसऱ्या शत्रूवर आपणांस पाठवावें अशी मागणी केली, तीही नाकारली गेली, तेव्हां ते राजाचाच मुलूख लुटूं लागले. इ. स. पू. १२८ च्या सुमारास फ्राआत त्यांच्याशीं लढतांना मारला गेला, आणि त्याच्यामागून आलेला अर्तबान हाही चार पांच वर्षांत भटक्यांशीं लढतांनाच पडला.

या प्रसंगांत अशा संघाचें बळ आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. घोडेस्वार धनुर्धर पायदळाच्या टप्प्याबाहेर राहून बाण सोडतो, पाठलाग होतांच मागें वळतो व पळतांनाही मागें वळून नेम मारतो. शेतकऱ्यांतून उभारलेल्या सैन्यास यावर उपाय सांपडत नाहीं. परंतु हे स्वार एका नायकाच्या मागें राहतात ते वांटणीच्या आशेनें. वांटावयास कांहीं नसेल तर संघ फुटतो, अथवा स्वतःच्या धन्यावर उलटतो. शहर एकदांच लुटतां येतें. दुसऱ्या वर्षीं त्याच शहरापासून कांहीं मिळवावयाचें तर तेथील शेत पेरलें गेलें पाहिजे, माग चालला पाहिजे आणि जकातीच्या नाक्यावर बैल आला पाहिजे. तेराव्या शतकांत येलू चुत्साय या मंत्र्यानें मोंगल खान ओगोदाय यास उत्तर चीनचें कुरण करण्याऐवजीं तेथून सारा घेण्याचा जो हिशेब समजावून दिला, तो याच स्वरूपाचा होता. शकांस असा एकादा मंत्री भेटला कीं काय हें कळण्यास साधन नाहीं. पण त्यांनीं हिशेब शिकल्याचा पुरावा मात्र नासिकास आहे.

नहपानाचे पूर्वज थेट पठारावरून दक्षिणेंत उतरले असें मात्र कोणीं समजूं नये. ते प्रथम सीस्तानांत, म्हणजे शकस्थानांत, राहिले. तेथून सिंधु नदीच्या खोऱ्यांत आले. तक्षशिलेच्या ताम्रपटांत लिअक कुसुलक नांवाचा क्षत्रप क्षहरात कुळाचा सांगितला आहे. क्षत्रप ही पदवीच मुळीं इराणी. तिचा अर्थ राज्याचें रक्षण करणारा. म्हणजे नर्मदेच्या अलीकडे येण्यापूर्वीं या कुळानें इराणी, ग्रीक व हिंदी अशा तीन राज्यपद्धति पाहिल्या होत्या. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर त्या तिहींचाही शिक्का आहे. एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरांतील लेख. दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत राजा क्षहरात नहपान हींच अक्षरें. ग्रीक अक्षरांत भाषा मात्र ग्रीक नाहीं, प्राकृतच आहे. आणि मधोमध बाण व वज्र. त्याच्या आधींच्या भूमकाच्या तांब्याच्या नाण्यावरही बाण, चक्र व वज्र हीं चिन्हें आहेत. राज्य व्याजबट्ट्यानें चालूं लागलें तरी नाण्यावरचा बाण कायम राहिला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां नासिकचें दहावें लेणें पाहूं. त्रिरश्मि डोंगरावरील हा विहार उषवदात व त्याची पत्नी, नहपानाची कन्या दक्षमित्रा, यांच्या दानाचा आहे. नांवेंच पाहावीं. सासऱ्याचें नांव नहपान, बापाचें नांव दीनिक, हीं परकीं. जांवई मात्र उषवदात म्हणजे ऋषभदत्त, आणि मुलगी दक्षमित्रा. एका पिढींत नांवें पालटलीं. येथील मोठ्या लेखाचा बराच भाग संस्कृताच्या वळणाचा असून शेवटीं तो प्राकृतावर येतो. लेखकास दोन्ही भाषा अवगत होत्या, पण संस्कृत अजून सराईत झाली नव्हती असें वाटतें.

या लेखांतील दानांची यादी वाचून पुष्कळ विद्वानांनीं उषवदाताच्या धार्मिक औदार्याची स्तुति केली आहे. तीन लक्ष गाई, देवब्राह्मणांस सोळा गांवें, प्रतिवर्षीं एक लक्ष ब्राह्मणांस भोजन, आणि शिवाय बौद्ध भिक्षूंस लेणें. औदार्य नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु याच यादींत जीं दानें कमी डोळ्यांत भरतात तीं आम्हांस अधिक बोलकीं वाटतात. भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन आणि सोपारें या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या, तळीं व विहिरी केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर पैसा न घेतां पार उतरविणाऱ्या नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसांव्याच्या जागा व पाणपोया केल्या. नकाशा पुढें घेऊन हीं नांवें लावून पाहावीं. तापी, पार, दमणगंगा, डहाणूची खाडी : हा भडोचाकडून सोपाऱ्याकडे येणारा किनाऱ्याचा रस्ताच आहे. दशपूर व गोवर्धन हीं घाटावरचीं व माळव्याकडचीं टोकें. ज्या राजानें कल्याणचीं जहाजें भडोचास वळविलीं, त्याच्याच जांवयानें भडोचास जाणारा रस्ता फुकट केला. जलमार्गावर पहारा आणि खुष्कीवर सोय, हीं एकाच धोरणाचीं दोन अंगें आहेत असें आमचें मत आहे.

याच धोरणाचें तिसरें अंग पेरिप्लसांत सांपडतें. भडोचाच्या आखाताचें मुख वाळूच्या बांधांमुळें व भरतीच्या जोरामुळें परक्या तांडेलास फार धोक्याचें. म्हणून राजाच्या चाकरींतील तेथले कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात व जहाजांस वाट दाखवीत आणीत. घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या कुळास भरतीओहोटीचें ज्ञान असणें शक्य नव्हतें. तें त्यांनीं कोळ्यांकडून वेतन देऊन घेतलें. आमच्या जयगडच्या खाडींतील कोळी व खारवी यांच्या होड्या पाहणारास या व्यवस्थेंत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें हें कीं, वेतन देणारा राजा शक होता.

आतां या लेण्यांतील आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाच्या लेखाकडे वळूं. वर्ष ४२, वैशाख मास. उषवदातानें तीन सहस्र कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल कधीं न मोडण्याची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींत ठेवली. दोन सहस्र कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या दरानें. एक सहस्र दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज घ्यावयाचें. पहिल्या ठेवींतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं, आणि दुसऱ्या ठेवींतून कुशणमूल. या शेवटच्या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांचा मतभेद आहे. कोणी त्यास किरकोळ खर्चाचा पैसा म्हणतात, कोणी नाण्याचें नांव समजतात.

हिशेब करून पाहूं. दोन सहस्रांवर दरमहा शेंकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. वीस भिक्षु, प्रत्येकीं बारा : दोनशें चाळीस. एक कार्षापण इकडे नाहीं कीं तिकडे नाहीं. म्हणजे अगोदर भिक्षूंची संख्या व प्रत्येकाची गरज धरली आणि त्यावरून मुद्दल काढलें. दुसऱ्या ठेवीचें व्याज वर्षास नव्वद होतें. राजघराण्यांतील पुरुष लहर लागली म्हणून मूठभर नाणीं फेंकतो, तसें हें दान नव्हे. आणखी एक गोष्ट : चीवरासाठीं पैसा ठेवला तो कोष्ट्यांकडे. वस्त्राचा पैसा वस्त्र विणणाऱ्यांच्याच मागांत फिरत राहिला. ज्या नगरांत नवा राजा परका, तेथील विणकरांच्या हातीं त्याचेंच भांडवल खेळूं लागलें, तर त्याचें राज्य टिकावें अशी इच्छा करणारे लोक नगरांतच निर्माण झाले.

लेखाच्या शेवटीं म्हटलें आहे कीं, हें सर्व निगमसभेंत जाहीर करून, चालत आलेल्या रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविलें. हें वाक्य आम्ही कित्येकदां वाचलें व दरवेळीं त्याजपाशीं थांबलों. जेता येथें नगरसभेपुढें जातो व तिच्या दप्तरांत आपलें दान लिहवून घेतो. सभा जुनी, रिवाज जुना, फलक जुना. क्षहरातांनीं त्यांतलें कांहीं मोडलें नाहीं. त्याच लेखांत पुढें वर्ष ४५ च्या दानाची नोंद आहे : सत्तर सहस्र कार्षापण, म्हणजे पस्तीसांस एक या भावानें दोन सहस्र सुवर्ण. सोन्याचांदीचा भावही लेखांत लिहून ठेवला, यावरून लिहिणारा कारकून कोणत्या परंपरेंतला असेल याची कल्पना येते. दुसऱ्या एका लेखांत उषवदातानें नासिकच्या वायव्येचें शेत वाराहीचा पुत्र ब्राह्मण अश्विभूति याजपासून चार सहस्र कार्षापणांस विकत घेऊन भिक्षूंच्या अन्नासाठीं दिल्याचें आहे, आणि तें शेत विकणाराचें वडिलार्जित होतें असाही खुलासा केला आहे. म्हणजे मालकी तपासूनच व्यवहार झाला. तलवारीनें घेतां आलें असतें, तें दाम मोजून घेतलें.

अर्थात् तलवार म्यानांतच होती असें नव्हे. हाच उषवदात मालयांनीं वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेस गेला, मालय त्याच्या नुसत्या गर्जनेनें पळाले असें लेख सांगतो, आणि मग त्यानें पुष्करास जाऊन स्नान केलें, तीन सहस्र गाई व एक गांव दिला. भरधांव मजल मारून दूरच्या मित्राच्या मदतीस जाणें हें जुनें स्वारांचें काम. शेवटचें स्नान व गोदान हें नवें.

राज्यकारभार प्रत्यक्ष कोण चालवी? जुन्नरच्या मानमोडी डोंगरांतील वर्ष ४६ च्या लेखांत वत्सगोत्री अयम हा अमात्य पाण्याचें टांकें व मंडप दान देतो. तो नहपानास महाक्षत्रप स्वामी म्हणतो. एक वर्ष आधीं हीच पदवी नुसती क्षत्रप होती. राजा चढत्या पदवीचा, आणि अमात्य गोत्र सांगणारा. सैन्य शकांचें, दप्तर येथल्यांचें, अशी वांटणी यावरून दिसते. हीं ४१ ते ४६ हीं वर्षें पूर्वीं शककालाचीं धरून इ. स. ११९ ते १२४ अशीं मांडीत; हल्लीं पेरिप्लसच्या काळाशीं मेळ बसावा म्हणून तीं नहपानाच्या स्वतःच्या गणनेचीं मानून त्यास पहिल्या शतकांत नेण्याकडे नाणकशास्त्रज्ञांचा कल आहे. आमच्या मुद्द्यास दोहोंपैकीं कोणताही पक्ष चालतो.

या राज्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नासिक, जुन्नर, कार्लें हीं तिन्ही ठिकाणें घाटमाथ्यावरचीं : थळ घाट, नाणे घाट, बोर घाट. तेथपर्यंतचें पठार कोरडें, घोड्यास चारा व मैदान दोन्ही मिळतें. खालीं कोंकणांत भातखाचरें, खाड्या व झाडी. शिवाय शकांचें धनुष्य लांकूड, शिंग व स्नायु हे सरसानें जोडून केलेलें. ओल्या हवेंत सरस सैल होतो. आषाढांत जयगडच्या किनाऱ्यावर असलें धनुष्य काय कामाचें राहील, हें कोंकणी वाचकास सांगावयास नको. म्हणून खालचीं बंदरें स्वारांच्या बळावर धरणें कठीण, तीं घाट, जकात व पहाऱ्याची गलबतें यांच्या योगें वांकवावीं लागत, असें आमचें अनुमान आहे.

या राज्याचा शेवट गौतमीपुत्र सातकर्णीनें केला, आणि त्याची साक्ष संग्राहकांच्या हातांत आहे. १९०६ सालीं नासिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं तपासलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारला आहे : एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. विजेत्यानें चांदी आटविली नाहीं; वजन व कस लोकांच्या विश्वासाचे होते, ते तसेच ठेवून वर नांव घातलें. ज्यांच्यापाशीं अशीं नाणीं असतील त्यांनीं तीं चिंच, राख अथवा आम्ल यांनीं घासूं नयेत अशी आमची विनंती आहे. वरच्या ठशाखालीं नहपानाच्या नाकाची रेघ, कांठावरचीं ग्रीक अक्षरें वा बाणाचें टोंक राहिलेलें असतें, आणि खरें नाणें ओळखण्याची तीच खूण. बनावट नाण्यांत बहुधा वरचा ठसा स्वच्छ असतो व खालीं कांहींच नसतें. घासलेलें खरें नाणेंही मग तसेंच दिसूं लागतें. स्कॉट यांस नहपानाचे चेहरे परस्परांशीं जुळत नाहींत असें दिसलें व त्यांनीं त्यावरून अनेक व्यक्तींचीं मस्तकें असावीं असा तर्क केला. हा प्रश्न पुन्हां पाहावयाचा तर खालचा ठसा शाबूत असलेलीं नाणींच उपयोगीं पडतील.

क्षहरात गेले तरी शकांचें राज्य गेलें नाहीं. चष्टनाचें घराणें माळवा व सौराष्ट्रांत चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकलें. त्याचा नातू रुद्रदामा याचा जुनागडचा वर्ष ७२ चा, म्हणजे इ. स. १५० च्या सुमाराचा, लेख शुद्ध संस्कृत गद्यांत आहे. मार्गशीर्षांतील वादळानें सुदर्शन तलावाचा बांध फुटला. मंत्र्यांनीं खर्च अशक्य म्हणून विरोध केला. राजानें कर, वेठ अथवा नजराणा न घेतां स्वतःच्या कोशांतून बांध पुरा केला, आणि काम केलें तें सुविशाख नांवाच्या पह्लवानें. कर, वेठ व नजराणा हीं नांवें घेऊन तीं नाकारणें, यावरून तीं एरवीं घेतलीं जात हेंही कळतें. मात्र या घराण्यानें सर्वच जुनें टाकलें नाहीं. त्याच्या नाण्यांवर राजाबरोबर बापाचें नांव असे आणि पुढें वर्षेंही घालूं लागले. तीं ओळीनें लावलीं म्हणजे दिसतें कीं, गादी बहुधा भावाकडून भावाकडे जाई, सर्व भाऊ संपल्यावर पुढील पिढीकडे येई, आणि महाक्षत्रपाच्या हाताखालीं दुसरा क्षत्रप असे. कुळाची समाईक मालमत्ता ही भटक्यांची कल्पना संस्कृत शिकूनही गेली नाहीं.

शेवटीं नासिकच्या जमिनीची गोष्ट. गौतमीपुत्रानें वर्ष १८ मध्यें विजयी सैन्याच्या छावणींतून गोवर्धनच्या अमात्यास, विष्णुपालितास, आज्ञा दिली कीं, अपर काखडी गांवांतील जें दोनशें निवर्तनांचें शेत आजपर्यंत उषवदाताकडे होतें, तें त्रिरश्मीच्या भिक्षूंस द्यावें. त्यांत सरकारी माणसानें शिरूं नये, मीठ काढूं नये. सहा वर्षांनीं, वर्ष २४ मध्यें, त्याच ठिकाणच्या नव्या अमात्यास, श्यामकास, दुसरी आज्ञा गेली. काखडीचें शेत कोणी कसत नाहीं, गांव ओस आहे. तेव्हां नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतांतून शंभर निवर्तनें त्या भिक्षूंस द्यावीं. दोनशेंच्या जागीं शंभर. लढाईनें ज्याचे कूळ गेले तें शेत नव्या राजालाही पिकवितां आलें नाहीं.